पालक संघाला सायन्स प्रोजेक्टसाठी पैसे मागायचं पत्र : मसुदा बघून सांगा ना कुणी

फळाखडू

नमस्कार मंडळी. मी अनुदानित शाळेत नववीला सायन्स शिकवते, इंदापूर तालुक्यात, ऊसपट्ट्यात. यंदा मुलांकडून गावातल्या पाण्याची तपासणी करून घ्यायची आहे, म्हणजे चार विहिरी चार बोअर आणि दोन नळ असे दहा ठिकाणचे नमुने, एकदा ऑगस्टमध्ये भर पावसाळ्यात आणि एकदा जानेवारीत, आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवून काय फरक पडतो ते मुलांनीच लिहायचं. वर्गात ४० मुलं आहेत, पाचपाचचे आठ गट. अकरावी-बारावीची लॅब आहे त्यामुळे ब्युरेट, पिपेट, फ्लास्क, काटा असं सगळं मिळेल, पण केमिकल आणि किटसाठी शाळेकडे पैसे नाहीत असं हेडसरांनी स्पष्ट सांगितलं, पालक-शिक्षक संघाला पत्र दे म्हणाले.

मी जो खर्च काढलाय तो असा: पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस पेन ८ (प्रत्येक गटाला एक) ७,२००, पीएच मीटर पेन २ नग ५,०००, पाण्याचा कठीणपणा मोजायला ईडीटीएचं तयार द्रावण २ बाटल्या १,२००, वेगवेगळी किट ५,०००, मुलांना प्रोजेक्टचे टी-शर्ट ७,२००, अल्पोपहार २,०००, इतर खर्च ३,०००. एकूण ३०,६००. पत्राची सुरुवात "विज्ञान हा आधुनिक युगाचा पाया आहे" अशी केलीय आणि पुढे अर्धं पान प्रस्तावना आहे. ठीक वाटतंय का? संघाच्या मीटिंगला अजून दोन आठवडे आहेत.

टेकपप्पा

मॅडम आयडिया मस्त आहे पण एवढी किट कशाला, टीडीएस मीटर एकच घ्या, ऑनलाइन तीनशे-चारशेला मिळतो, पाण्यात बुडवला की लगेच आकडा. ५००च्या वर आलं की पाणी बाद. मी घरी रोज बघतो. मुलांना पण सोपं आणि संघाचे पैसे पण वाचतील.

सोसायटीवाली

आमच्याकडे वाकडला टँकरचं पाणी येतं त्याचा टीडीएस ९०० दाखवतोय!! गीझरची कॉइल दोनदा बदलली, बाथरूमच्या नळांवर पांढरा थर बसतो, आरओवाला म्हणतो मेम्ब्रेन बदला ४,०००. कुणी सांगेल का सॉफ्टनर बसवावा की आरओच मोठा घ्यावा? सोसायटीतले लोक ऐकत नाहीत.

जुनीलॅब

सोसायटीवाली ताई, पांढरा थर म्हणजे कठीणपणा, त्याला सॉफ्टनर. आरओ फक्त प्यायच्या पाण्यापुरता. पण तुमच्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढा, इथे त्या बाईंचं काम राहून जाईल.

टेकपप्पा, तुमचं निम्मं बरोबर आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर २,०००पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ५०१ आलं की बाद असं नाही, तसं धरलं तर ऊसपट्ट्यातले निम्मे बोअर बुजवावे लागतील. दुसरं म्हणजे तो पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने टीडीएस काढून दाखवतो. त्यात मीठ किती, चुना किती, नायट्रेट किती हे त्याला काही कळत नाही. आणि जंतू तर अजिबातच नाही. गटाराचं पाणी झिरपणाऱ्या विहिरीचा टीडीएस ४०० येतो आणि पेन बघून माणूस निर्धास्त पाणी पितो, असं मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. पाणी तपासायच्या सरकारी लॅबमध्ये होतो, आता रिटायर.

फळाखडू, तुझ्या यादीवर रात्री सविस्तर लिहितो. टी-शर्ट मात्र आत्ताच काढ.

चिठ्ठीतनिघालो

मी एका दुसऱ्या शाळेच्या पालक संघात सहसचिव आहे. सोडतीत चिठ्ठी निघाली म्हणून आलो, हौस म्हणून नाही 😄 आता मीटिंगला टेबलाच्या त्या बाजूला बसून अशी पत्रं वाचतो म्हणून लिहितो, राग मानू नका.

मॅडम, संघाचा अध्यक्ष कोण असतो? मुख्याध्यापकच. आणि सचिव शिक्षक. म्हणजे "प्रति, मा. अध्यक्ष" लिहून पाठवलंत तर ते पत्र तुमच्याच हेडसरांच्या टेबलावर जाऊन बसणार, त्यांनी तर तुम्हाला आधीच सांगितलंय पैसे नाहीत. प्रति कार्यकारी समिती असं लिहा, मार्फत मुख्याध्यापक, आणि एक प्रत उपाध्यक्षांना, ते पालकांतले असतात. मीटिंगच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यायला सचिवांना सांगून ठेवा, नाहीतर "ऐनवेळचे विषय" मध्ये जाईल आणि तोपर्यंत निम्मे पालक उठून गेलेले असतात.

प्रस्तावना कुणी वाचत नाही. पालक पहिल्यांदा खालचा टोटल बघतात मग वर जातात. "इतर खर्च ३,०००" ही ओळ दिसली की कुणीतरी विचारणारच, इतर म्हणजे काय? त्याचं उत्तर देता देता वीस मिनिटं जातात आणि पुढच्या सगळ्या ओळींवरचा विश्वास उडतो. "वेगवेगळी किट ५,०००" त्याहून वाईट. कोणती किट, किती टेस्टची, कुणाचं कोटेशन.

अजून दोन गोष्टी. पैसे तुमच्या खात्यावर घेऊ नका, दुकानदाराला संघाच्या खात्यातून चेक किंवा ऑनलाइन, आणि बिल संघाच्या नावाने, शाळेच्या पण नाही. आणि वर्षअखेरीला वस्तू कुणाच्या हे पत्रातच लिहा. आमच्याकडे एका प्रोजेक्टरवरून अजून वाद चालू आहे, शाळेचा की संघाचा.

ज्वालामुखी

विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखीचं वर्किंग मॉडेल करा, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, १०० रुपयांत होतं आणि तालुका पातळीला नंबर येतो. पाण्याचं काही दिसत नाही स्टेजवर.

फळाखडू

ज्वालामुखी, प्रदर्शनासाठी नाहीये हो हे, वर्गाचा वर्षभराचा प्रोजेक्ट आहे.

चिठ्ठीतनिघालो सर, अध्यक्षाचा मुद्दा भारीच, आमच्याकडे सगळे आजवर "मा. अध्यक्ष" असंच लिहित आलेत. काका, रात्रीची वाट बघते. पीएच मीटर ठेवू ना? मुलांना डिजिटल आकडा दिसला की आवडतं.

इन्स्पायर_वाला

तुम्ही इन्स्पायर मानकला नोंदणी करा ना, केंद्र सरकारचं आहे, दहा हजार मिळतात थेट खात्यात. संघाकडे हात कशाला पसरायचे.

चिठ्ठीतनिघालो

ते दहा हजार निवड झालेल्या एका विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, त्याच्या स्वतःच्या कल्पनेचं मॉडेल बनवायला. वर्गाच्या सर्व्हेला नाहीत. आणि निवड होईल का, कधी होईल, पैसे कधी पडतील, यावर ऑगस्टचा पाऊस थांबणार आहे का? करा जरूर, पण हा खर्च त्यावर टांगू नका.

जुनीलॅब

आलो. बसून लिहितोय, लांबेल.

पीएच पेन काढ. त्याच्या काचेच्या टोकाला सतत ओल लागते, टोपीत साठवणीचं द्रावण भरून ठेवावं लागतं, आणि दर वेळी वापरायच्या आधी दोन बफरमध्ये बुडवून सेट करावा लागतो. शाळेत काय होतं, ऑगस्टला वापरतात, पाण्याने धुऊन कोरडा करून कपाटात ठेवतात, जानेवारीत काढला की आकडा सरकत राहतो, एका जागी थांबतच नाही. पाच हजार गेले. विहिरीच्या पाण्याचा पीएच बहुतेक ७ ते ८.५च्या मध्ये येणार आहे, त्यासाठी पट्ट्या पुरेत, ३०० रुपयांत दोन्ही फेऱ्या होतील.

टीडीएस पेन आठ नको, दोन घे. एक वापरायला आणि दुसरा पहिल्यावर संशय आला तर ताडून बघायला. त्यासोबत तपासणीचं द्रावण मिळतं, १४१३वालं, त्याची एक बाटली घेच. त्यात पेन बुडवल्यावर बाटलीवरचा आकडा आला नाही तर पेनच्या मागच्या स्क्रूने जुळवायचं. पेन टीडीएस दाखवणारा असेल तर हा १४१३ आकडा दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांग, कारण तो विद्युतवाहकतेचा आहे. पेनवर दोन्ही दाखवायची सोय असलेला घे, म्हणजे भानगड नाही.

कठीणपणा. इथे तुझ्याकडे लॅब आहे म्हणून मजा आहे, किट घेऊ नको, टायट्रेशनच कर. तयार द्रावणाच्या दोन बाटल्या म्हणजे फक्त एक लिटर. आता हिशेब बघ. ५० मिली नमुना घेतला आणि ०.०१ मोलरचं ईडीटीए लागलं ३० मिली, तर ३० गुणिले २० म्हणजे ६०० कठीणपणा. तुमच्याकडच्या बोअरला असं सहज येईल. वीस नमुने, प्रत्येक दोनदा, वाईटात वाईट धरलं तर बाराशे मिली लागलं आणि त्याआधी मुलं सराव करताना जे सांडतील ते वेगळं. म्हणून डायसोडियम ईडीटीएची १०० ग्रॅमची पावडर घे. ३.७२ ग्रॅम काट्यावर मोजून डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक लिटर करायचं. एका बाटलीत पंचवीसेक लिटर होतं, म्हणजे पुढची काही वर्षं हा आयटम तुझ्या बजेटमध्ये येणारच नाही, आणि हे वाक्य पत्रात घाल, पालकांना आवडतं. नमुना २५ मिलीच घेतलास तर द्रावण निम्मं लागेल, फक्त गुणायचं ४०ने.

सोबत अमोनिया बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी. बफरचा वास डोळ्यात जातो, तो तू स्वतः घाल, खिडकीपाशी. रंग आधी लालसर वाइनसारखा असतो आणि शेवटी स्वच्छ निळा होतो, मधे एक जांभळट टप्पा येतो तिथे मुलं थांबतात. जांभळी झाक पूर्ण जाईपर्यंत थेंब थेंब घालायला लाव. दोन गटांचे आकडे एकाच पाण्याचे वेगळे आले तर पहिला संशय या जांभळ्यावर.

नायट्रेटबद्दल आणि जंतू तपासायच्या वायलबद्दल उद्या. डोळे दुखले.

नीराकाठ

मी शेतकरी पालक, आणि ग्रामपंचायतीत पण आहे. मॅडम एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. जलजीवन मिशनची किट आमच्या पंचायतीत पडून आहे, गावातल्या पाच बायांना ट्रेनिंग पण दिलंय, जलसुरक्षक रोज नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का बघायला ओटी घेतो आणि वहीत लिहितो. मग परत पालकांचे पैसे कशाला? किट मागून घ्या की.

आणि दुसरं, विहिरींची नावं फ्लेक्सवर टाकणार का? पोरांनी अमक्याच्या विहिरीचं पाणी खराब असं चौकात लावलं तर तो माणूस माझ्याकडे येणार, तुमच्याकडे नाही.

फळाखडू

दादा पहिला मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, सरपंचांना विचारते. दुसऱ्यासाठी, विहीर १ विहीर २ असे नंबर देऊ, मालकाला त्याचा रिपोर्ट बंद पाकिटात. चालेल?

नीराकाठ

गावात नंबरावरून कळायचं राहतं का मॅडम. चार तर विहिरी.

जुनीलॅब

पंचायतीची किट मागा हे बरोबर, पण तिची एक्स्पायरी बघून मागा. आतली द्रावणं उघडली की बिघडत जातात. मी असे डबे पाहिलेत की बाहेरून कोरे करकरीत आणि आतला एक रिएजंट तपकिरी पडलेला. चांगली निघाली तर नायट्रेट किटचे २,२०० वाचतील, पण पत्रात ती ओळ ठेव आणि वाचले तर परत करू असं लिही. ओटी किट मात्र स्वतःची घे, साडेतीनशेची तर आहे. नळाच्या पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर टोकाच्या घरात क्लोरीन ०.२ मिळतंय का ते मुलांनी बघायचं, टाकीजवळच्या नळाला तर नेहमीच मिळतं.

नायट्रेटची मर्यादा ४५ मिलीग्रॅम प्रति लिटर, यात दुसरा स्रोत नसेल तरी सूट नाही. खतं आणि शेणखताचे उकिरडे, शोषखड्डे, सगळं झिरपून विहिरीत येतं, म्हणून तुझा ऑगस्ट आणि जानेवारीचा फरक सगळ्यात रंगतदार इथेच दिसेल. पण किटच्या रंगपट्टीवर बारीक अक्षरात बघ, आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेट-नायट्रोजनचा. नायट्रोजनचा असेल तर ४.४ने गुणायचं. पट्टीवर १० वाचून मुलं खूश होतील, ४५च्या खूप आत आहे म्हणून, आणि ते खरं तर अगदी सीमेवरचं पाणी असेल. रंग पट्टीच्या शेवटच्या घराहून गडद आला तर एक भाग पाणी चार भाग डिस्टिल्ड वॉटर असं पातळ करून परत घे आणि येईल त्याला ५ने गुण.

आता वायल. एचटूएसच्या, २० मिलीच्या, आत पट्टी किंवा पावडर असते. पाणी भरायचं, हलवायचं, उबदार ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं तर विष्ठेचं प्रदूषण असावं असा संशय. संशय, शिक्कामोर्तब नाही. किती लागतील? दहा ठिकाणं दोन फेऱ्या वीस, प्रत्येक फेरीला एक उकळून गार केलेल्या पाण्याची आणि एक ओढ्याच्या घाण पाण्याची म्हणजे चार, आणि शंकेच्या ठिकाणी परत घ्यायला सहा. तीस. उकळलेली पण काळी झाली तर तुमचे हात किंवा वायल खराब, आणि ओढ्याची काळी नाही झाली तर वायल मेलेल्या, त्या दिवशीचे बाकीचे आकडे फेकून द्या. तिसाच्या तीस एकदम घेऊ नको, पंधरा आत्ता पंधरा जानेवारीत, एक्स्पायरी असते.

जानेवारीत तुमच्याकडे रात्री गारठा असतो, टेबलावर ठेवलेली वायल ४८ तासांत काळी न होता तशीच राहील आणि सगळे म्हणतील पाणी शुद्ध. थर्माकोलच्या पेटीत पिवळा १५ वॉटचा बल्ब लावून थर्मामीटर ठेव, ३० ते ३५ च्या मधे. एलईडी नको, तो गरमच होत नाही. पेटी एक दिवस रिकामी चालवून बघ आधी. नळाच्या नमुन्यात क्लोरीन असेल तर तो आधी मारावा लागतो, बारावीच्या लॅबमधला थायोसल्फेटचा एखादा खडा पुरतो. काम झाल्यावर काळ्या वायलमध्ये ब्लीचिंगचं घट्ट पाणी भरून तासभर ठेवायचं मगच टाकायची. हे मुलांनी नाही, तू.

टेकपप्पा

काका मानलं. पण एवढं सगळं करून मुलांचे आकडे खरे कशावरून? कुणी उद्या पंचायतीत विचारलं तर?

जुनीलॅब

म्हणून दोन विहिरी निवडून त्यांचा नमुना दोन्ही फेऱ्यांना सरकारी लॅबला द्यायचा, म्हणजे चार नमुने. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅब आहेत. दर आधी तिथे विचारून घे आणि त्यांच्या दरपत्रकाची झेरॉक्स पत्राला जोड. रासायनिक तपासणीला एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून. जंतूंच्या तपासणीला त्यांचीच निर्जंतुक बाटली आणावी लागते आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. तुमचा कठीणपणा त्यांच्या दहा टक्क्यांच्या आत आला तर बाकीच्या आठ ठिकाणांवर विश्वास ठेवायला जागा आहे.

फळाखडू

दोन दिवस बसून लिहिलं, हे बघा आता. तालुक्याच्या दुकानातून एक आणि पुण्याहून एक कोटेशन घेतलं, कमी आहे ते धरलंय.

> प्रति,
> कार्यकारी समिती, पालक-शिक्षक संघ
> (मार्फत मा. मुख्याध्यापक. प्रत: मा. उपाध्यक्ष)
>
> विषय: इयत्ता नववीच्या पाणी तपासणी प्रकल्पासाठी १३,३०० रुपये मिळण्याबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> नववीचे ४० विद्यार्थी गावातल्या १० ठिकाणचं पिण्याचं पाणी ऑगस्ट आणि जानेवारी अशा दोन वेळा तपासणार आहेत. त्यासाठी एकूण १४,४०० रुपये खर्च येईल. पैकी तक्ते व छपाई (६००) आणि नमुने पोचवण्याचा प्रवास (५००) शाळा करेल. उरलेल्या १३,३०० रुपयांची विनंती करत आहे.
>
> टीडीएस पेन २ नग व तपासणी द्रावण : २,१५०
> कठीणपणा तपासणी (ईडीटीए पावडर १०० ग्रॅम, बफर, इंडिकेटर) : १,०००
> नायट्रेट किट, ५० तपासण्या : २,२००
> एचटूएस वायल ३० नग, प्रत्येकी ४० : १,२००
> पीएच पट्ट्या व ओटी किट : ६५०
> डिस्टिल्ड वॉटर १० लिटर, नमुना बाटल्या १२ : ८४०
> हातमोजे १ बॉक्स, सुरक्षा चष्मे १० : १,१५०
> थर्माकोल पेटी, बल्ब, थर्मामीटर : ४५०
> शासकीय प्रयोगशाळेत ४ नमुने, कमाल : ३,०००
> जानेवारीतील खरेदीची भाववाढ, कमाल : ६६०
> एकूण : १३,३००
>
> रक्कम दोन टप्प्यांत द्यावी: जुलैत १०,५४०, आणि डिसेंबरात पहिल्या टप्प्याची बिलं सादर केल्यावर २,७६० (उरलेल्या वायल, प्रयोगशाळेचे दोन नमुने, भाववाढ). सर्व बिलं संघाच्या नावे असतील व पैसे संघाने थेट विक्रेत्याला द्यावेत. ग्रामपंचायतीचं किट वापरण्याजोगं मिळाल्यास नायट्रेट किटचे २,२०० घेतले जाणार नाहीत. पेन, चष्मे व पेटी शाळेच्या लॅबच्या साठा नोंदवहीत चढवले जातील. ईडीटीए पावडर पुढच्या वर्षांनाही पुरेल. रसायनं हाताळताना व वायल नष्ट करताना मी स्वतः हजर असेन. फेब्रुवारीच्या सभेत विद्यार्थी आकडे व हिशेब मांडतील.
>
> सोबत: दोन कोटेशन, प्रयोगशाळेचं दरपत्रक.
>
> आपली विश्वासू,
> विज्ञान शिक्षिका, इयत्ता नववी

चिठ्ठीतनिघालो

हे मी मीटिंगला मंजूर करेन. दोन टप्प्यांमुळे विरोध करणाऱ्याला पण "आधी बिलं बघू" म्हणायला जागा राहते आणि तो मान हलवतो. अल्पोपहार काढलात ते बरं केलंत, तो एखादा पालक स्वतःहून देतोच. "कमाल" शब्द दोन ठिकाणी आहे, विचारतील, उत्तर तयार ठेवा.

एकच, डिसेंबरात पैसे म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला म्हणा. आमच्याकडे चेकवर दोन सह्या लागतात आणि त्यातला एक माणूस कायम लग्नाला गेलेला असतो.

इन्स्पायर_वाला

हात पसरायचं म्हणालो होतो ते मागे घेतो, हे व्यवस्थित आहे. पण सगळ्यात जास्त पैसे लॅबला जातायत ते नाही पटत. दोनच नमुने द्या, एका फेरीलाच.

जुनीलॅब

नाही पटत तरी ठेवा. पावसाळ्यात गढूळ पाण्यात रंग ओळखायला वेगळा त्रास होतो आणि जानेवारीत वेगळा. एका फेरीची खातरी दुसरीला लागू पडत नाही. दर कमी निघाले तर ते पैसे आपसूकच परत जातील, तिथे कमाल लिहिलंय.

नीराकाठ

मॅडम मीटिंगला मी पण असणार, माझा मुलगा तुमच्याच वर्गात आहे. पैशाला माझा विरोध नाही. पण फेब्रुवारीत "विद्यार्थी आकडे मांडतील" हे वाक्य मला खटकतंय. सभेत सगळं गाव असतं. वायल काळी झाली तर त्या विहिरीवर पाच घरं पाणी भरतात, त्यांना फेब्रुवारीपर्यंत सांगायचं नाही का? आणि सांगायचं तर कुणी, शाळेनं का पंचायतीनं?

फळाखडू

लगेच सांगायचं हे नक्की दादा, टीसीएल टाकायला त्याच दिवशी जलसुरक्षकाला फोन. सभेत काय मांडायचं याचा प्रश्न आहे.

जुनीलॅब

मी म्हणेन सभेत फक्त कठीणपणा आणि टीडीएस नावानिशी, वायल आणि नायट्रेट मालकाला आणि पंचायतीला. शाळेच्या वायलवरून कुणाच्या विहिरीला बट्टा लावू नये, त्यावर आधी लॅबचा रिपोर्ट हवा.

चिठ्ठीतनिघालो

काका इथे मी तुमच्याशी सहमत नाही. पालकांचे पैसे, पालकांचंच पाणी, आणि त्यातलं नेमकं महत्त्वाचं तेवढं झाकायचं? मग संघ पुढच्या वर्षी विचारेल, तुम्ही सांगतच नाही तर आम्ही देतो कशाला.

नीराकाठ

सहसचिव साहेब तुम्ही दुसऱ्या गावातले आहात.

फळाखडू

पत्रात तूर्त "आकडे व हिशेब मांडतील" च्या ऐवजी "हिशेब मांडतील, तपासणीचे निष्कर्ष समितीच्या निर्णयानुसार जाहीर होतील" असं करते आणि शनिवारच्या मीटिंगला तिथेच बोलू. नीराकाठ दादा, तुमची विहीर दहात घेऊ का? शाळेच्या मागचीच आहे, मुलांना चालत जाता येईल.

नीराकाठ

घ्या. पण मोटर चालू असताना या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या मगच बाटली भरा, पाइपातलं साठलेलं घेऊ नका. आणि नंबर टाकलाच तर माझा एक नंबर टाका, बाकीचे गप्प बसतील.